सूचना पेटी दुसऱ्या महिन्यात रिकामी का होते? : डंबार्टन ते टोयोटा, एका पेटीचा इतिहास

पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा. चाकण-भोसरी पट्ट्यात काम करणाऱ्यांनी आणि कुठल्याही सरकारी कचेरीत खुर्ची असणाऱ्यांनी तर नक्की वाचा.

आपल्याकडे कंपनीच्या गेटजवळ, कॅन्टीनच्या भिंतीवर, एसटीच्या डेपोत, महापालिकेच्या जिन्यात एक पेटी टांगलेली असते. वर लिहिलेलं असतं ‘सूचना पेटी’. उद्घाटनाला साहेब येतात, नारळ फुटतो, फोटो निघतो. पहिल्या महिन्यात पेटी भरते. दुसऱ्या महिन्यात दोन-चार चिठ्ठ्या, त्यातल्या अर्ध्या निनावी शिव्या. सहाव्या महिन्यात किल्ली कोणाकडे आहे हेच कोणाला सांगता येत नाही. मग साहेब लोक म्हणतात, “आपल्या माणसांना इनिशिएटिव्हच नाही.” आणि माणसं म्हणतात, “सांगून उपयोग काय?”

हे भांडण नवीन नाही, जवळजवळ दीडशे वर्षं चालू आहे. आणि ते एके ठिकाणी बऱ्यापैकी सुटलंही होतं. कसं सुटलं आणि सुटताना काय किंमत पडली, ते आज सांगतो.

सुरुवात स्कॉटलंडमधून. क्लाइड नदीच्या खोऱ्यात डंबार्टन नावाचं जहाजबांधणीचं गाव आहे. तिथे विल्यम डेनी अँड ब्रदर्स ही गोदी होती. ब्रह्मदेशात इरावती नदीवर ज्या आगबोटी धावायच्या, त्यातल्या कितीतरी याच गोदीत बांधलेल्या. १८८० साली या गोदीने नियम छापले, की कामगाराने नवं अवजार, नवी युक्ती किंवा कामाची सुधारलेली पद्धत सुचवली तर एक समिती ती तपासेल आणि योग्यतेप्रमाणे २ ते १५ पौंड बक्षीस देईल. त्या काळी दोन पौंड म्हणजे कामगाराला आठवडाभराच्या पगाराहून जास्तच. कामगारांसाठी अशी नियमबद्ध योजना आखण्याच्या पहिल्या प्रयत्नांपैकी हा एक.

पुढे हीच कल्पना अमेरिकेत गेली. कोडॅक कंपनीने १८९८ मध्ये योजना सुरू केली. तिथे पहिलं बक्षीस कशाला मिळालं माहीत आहे? एका कामगाराने सुचवलं की कारखान्याच्या खिडक्या धुवा, म्हणजे आत उजेड येईल. बक्षीस २ डॉलर. हसू नका. ती काच मळलेली आहे हे केबिनमध्ये बसलेल्या माणसाला दिसत नाही, खिडकीखाली डोळे ताणून काम करणाऱ्याला दिसतं. सूचना योजनेचा सगळा अर्थ त्या दोन डॉलरमध्ये आहे.

पण डेनीपासून कोडॅकपर्यंत सगळ्यांचा साचा एकच होता. कामगार कल्पना लिहिणार, पेटीत टाकणार, समिती बसणार, तज्ज्ञ तपासणार, किती पैसे वाचतील त्याचा हिशोब होणार आणि मग होकार किंवा नकार. आपल्याकडे जी पेटी टांगली जाते तिचाही साचा हाच. पेटी रिकामी का होते, त्याचं उत्तरही याच साच्यात आहे.

पहिल्या महिन्यात जे पेटीत पडतं तो वर्षानुवर्षांचा साठा असतो. प्रत्येकाच्या मनात दोन-तीन गोष्टी साचलेल्या असतात, त्या एकदम बाहेर येतात. नेमकं तेव्हाच समितीवर ओझं पडतं. समितीतले लोक आपापली कामं सांभाळून महिन्यातून एकदा बसणार. दोनशे चिठ्ठ्या, प्रत्येकीला खर्चाचा हिशोब. बक्षीस मोठं असल्यामुळे तपासणी कडक करावी लागते, कारण चुकीच्या माणसाला पैसे गेले तर तक्रार होते. तपासणी कडक म्हणून वेळ लागतो. तीन-चार महिने उत्तर नाही. ज्याने चिठ्ठी टाकली तो शेजाऱ्याला सांगतो, “बघ, काही झालं नाही.” संपलं! म्हणजे पेटी माणसांच्या आळसामुळे बंद पडत नाही. बक्षीस मोठं, म्हणून तपासणी मोठी, म्हणून उत्तराला उशीर, अशी ती साखळी आहे.

आता जपानकडे वळू. साल १९५०. टोयोटा तेव्हा आजची टोयोटा नव्हती. कोरोमो नावाच्या गावातली (त्याचं नाव पुढे १९५९ मध्ये टोयोटा शहर झालं) कर्जात बुडालेली कंपनी. बँकांनी अट घातली की माणसं कमी करा. कामगारांनी संप पुकारला, दोन महिने झगडा चालला. शेवटी सुमारे दोन हजार माणसं बाहेर पडली, आणि संस्थापक कीइचिरो टोयोडा यांनीही जबाबदारी घेऊन अध्यक्षपद सोडलं.

त्याच उन्हाळ्यात त्यांचे चुलतभाऊ एइजी टोयोडा अमेरिकेला गेले, फोर्डचा कारभार बघायला. मागोमाग शोइची साइतो नावाचे दुसरे अधिकारी गेले. फोर्ड तेव्हा दिवसाला आठ हजार गाड्या काढत होती, टोयोटा चाळीस. यंत्रं बघून उपयोग नव्हता, विकत घ्यायला पैसाच नव्हता. मग पैसे न लागणारं काय उचलता येईल? फोर्डच्या कारखान्यात कामगारांसाठी सूचना योजना होती. परत आल्यावर १९५१ मध्ये टोयोटाने तीच सुरू केली, नाव दिलं ‘सृजनशील कल्पना सूचना पद्धत’. म्हणजे आज जगभर जिला जपानी म्हणतात ती योजना मुळात अमेरिकन पेटीच आहे.

आणि पहिल्या वर्षी तिची गत आपल्या पेटीसारखीच होती. आठशेच्या आत सूचना आल्या. शंभरातल्या साधारण आठ जणांनी भाग घेतला. आलेल्यांपैकी जेमतेम २३ टक्के स्वीकारल्या गेल्या, म्हणजे चारातल्या तिघांना नकार.

आता पस्तीस वर्षांनंतरचं चित्र बघा. १९८६ मध्ये २६ लाखांहून जास्त सूचना. माणशी सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस, म्हणजे आठवड्याला जवळपास एक. भाग घेणारे ९५ टक्के. स्वीकारलेल्या ९६ टक्के.

हा ९६ चा आकडा वाचून शंका यायला पाहिजे. सगळे कामगार एकदम इतके हुशार झाले का? नाही. बदलली होती ती ‘सूचना’ या शब्दाची व्याख्या.

जुन्या साच्यात सूचना म्हणजे दुसऱ्याने करायचं काम. “अमुक यंत्र घ्या”, “तमुक खात्याने असं करावं.” टोयोटात हळूहळू पद्धत अशी पडली की कामगाराला आपल्याच कामातली अडचण दिसली की तो गटप्रमुखाला सांगतो. गटप्रमुख त्याच लाइनवर उभा असतो, त्याला समजायला अहवाल लागत नाही. दोघं मिळून करून बघतात. पुठ्ठ्याचा नमुना लावून, टेबल दोन फूट सरकवून, नटांचा डबा उजवीकडचा डावीकडे ठेवून. जमलं तर मग फॉर्म भरायचा : आधी कसं होतं, आता कसं आहे, काय फरक पडला. एक पान, शक्यतो चित्र. नाही जमलं तर फॉर्मच नाही. कागद शेवटी येतो, सुधारणा आधी होते. मग ९६ टक्के ‘स्वीकार’ होणारच, कारण बहुतेक गोष्टी झालेल्याच असतात.

दुसरा बदल बक्षिसाचा. खालचं बक्षीस ५०० येन, म्हणजे एका साध्या जेवणाचे पैसे. वर २ लाख येनपर्यंत जायची सोय होती, पण बहुतेक सूचना खालच्याच पायऱ्यांवर. रक्कम लहान म्हणजे निर्णय जवळचाच माणूस देऊ शकतो. वरच्या समितीकडे फक्त मोठ्या गोष्टी जातात. उत्तर दिवसांत मिळतं.

१९८० च्या दशकाच्या शेवटी अमेरिका आणि जपान यांच्या योजनांची तुलना झाली होती. अमेरिकेत स्वीकारलेल्या सूचनेला सरासरी बक्षीस जवळपास ५०० डॉलर, जपानमध्ये ३ डॉलरच्या आसपास. आणि सूचना? अमेरिकेत दहा माणसांमागे एखाद-दुसरी, जपानमध्ये माणशी तीसहून जास्त. पैसे जास्त दिले की कल्पना जास्त येतात, हा हिशोब इथे साफ उलटा पडला.

तिसरी गोष्ट सगळ्यात कमी बोलली जाते. माणसाला “सुचवा” म्हणून सुचत नाही. बघायचं कसं हे शिकवावं लागतं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतले कामगार सैन्यात गेले, कारखान्यांत नवखी माणसं आली, तेव्हा सरकारने फोरमन लोकांसाठी छोटे अभ्यासक्रम काढले. त्यांना टी.डब्ल्यू.आय. म्हणायचे. युद्धानंतर अमेरिकेत ते गुंडाळले गेले, पण जपानमध्ये पोचले, आणि टोयोटाने सूचना योजना सुरू केली त्याच सुमारास तेही घेतले. त्यातला एक भाग कामाची पद्धत सुधारण्याचा होता. त्यात शिकवण्यासाठी एक ठरलेलं उदाहरण असे, ते थोडक्यात सांगतो, म्हणजे मुद्दा कळेल.

रेडिओच्या एका भागासाठी तांब्याचा पत्रा आणि पितळेचा पत्रा एकावर एक ठेवून रिव्हेट मारायचे. कामगार उठून तांब्याच्या खोक्याकडे जायचा, मूठभर पत्रे उचलायचा, टेबलाशी येऊन तपासून मांडायचा, उरलेले परत खोक्यात ठेवायला जायचा. मग हेच सगळं पितळेसाठी. मग दोन्हींच्या जोड्या लावून मशीनपाशी न्यायच्या, एकेक रिव्हेट मारायचा, आणि शेवटी भरलेली खोकी दूरच्या वजनकाट्याकडे वाहायची.

फोरमनला सांगितलं जायचं की आधी प्रत्येक बारीक हालचाल कागदावर लिही. ‘पत्रे आणले’ एवढं नाही. चालला, उचलले, परत आला, तपासले, मांडले, उरलेले ठेवायला गेला, सगळं. मग प्रत्येक ओळीला विचार : हे का करायचं? कशासाठी? कुठे, केव्हा, कोणी आणि कसं केलं तर बरं? ‘का’ आधी, ‘कसं’ शेवटी. हा क्रम महत्त्वाचा. उरलेले पत्रे परत ठेवायला का जायचं? कारण खोकं लांब आहे. खोकं लांब का? कारण माल आणणारा ते तिथेच टाकतो. मग त्यानेच ते टेबलावर आणून ठेवलं तर? चार ओळी एकदम गळाल्या. ‘कसं’ आधी विचारलं असतं तर आपण भराभर चालायच्या युक्त्या शोधत बसलो असतो. उरलेल्या ओळींचं बघायचं की दोन जोडता येतील का, क्रम बदलता येईल का, सोप्या होतील का. पत्रे जागेवर धरणारा साधा साचा बनवला की दोन्ही हात एकाच वेळी कामाला लागतात.

यात कुठे अफाट कल्पनाशक्ती लागली? नाही. कागद, पेन्सिल आणि प्रश्नांचा क्रम. एकदा हे डोळ्यांना लागलं की रोज काहीतरी दिसतं, आणि साठा संपत नाही. पहिल्या महिन्यानंतरही माणसं का लिहीत राहिली, याचं निम्मं उत्तर हे.

उरलेलं निम्मं उत्तर भीतीत आहे. भोसरीत एका वर्कशॉपमध्ये एक जुने ऑपरेटर काका मला म्हणाले होते, “दादा, मला ढीग सुचतं. पण आज मी सांगितलं की हे काम दोघांत होतं, तर उद्या तिसरा घरी. आणि तो तिसरा माझ्याच गावचा.” या वाक्याला कुठलंही बक्षीस पुरत नाही. माणूस मूर्ख नसतो, तो हिशोब करतो.

टोयोटाला हे १९५० च्या संपाने शिकवलं. त्या जखमेनंतर पुन्हा अशी कपात करायची नाही, ही समजूत तिथे पक्की होत गेली. १९६२ मध्ये कंपनी आणि युनियनने परस्पर विश्वासाचं संयुक्त निवेदन काढलं. सूचनेमुळे माणूस मोकळा झाला तर त्याला दुसऱ्या कामावर घ्यायचं, रस्त्यावर काढायचं नाही. या पायावर ती लाखो पानं उभी आहेत.

“हे जपान्यांना जमतं हो, आपल्याला नाही,” असं कोणी म्हणालं तर त्याला कॅलिफोर्नियाची गोष्ट सांगा. फ्रीमाँटला जनरल मोटर्सचा कारखाना होता, गैरहजेरी आणि भांडणांसाठी बदनाम. १९८२ मध्ये तो बंद पडला. १९८४ मध्ये टोयोटा आणि जनरल मोटर्स यांनी मिळून तोच कारखाना ‘नुम्मी’ नावाने उघडला, बहुतेक माणसं जुनीच घेतली, युनियनही तीच ठेवली. करारात लिहिलं की कंपनीचं अस्तित्वच धोक्यात आल्याशिवाय कामगार कपात नाही, आणि तशी वेळ आली तरी आधी वरच्यांचे पगार कापायचे. १९८८ च्या सुमारास गाड्या खपेनात. लाइन रिकामी झाली, पण कोणाला घरी पाठवलं नाही. त्यांना प्रशिक्षणाला बसवलं, सुधारणांच्या कामाला लावलं. करारातलं वाक्य खरं आहे हे लोकांनी डोळ्यांनी पाहिलं. सूचना देणाऱ्यांचं प्रमाण १९८६ मध्ये २६ टक्के होतं, ते १९९१ मध्ये ९२ टक्क्यांवर गेलं. बघा, ते वाढत गेलंय. पेटीचा आलेख पहिल्या महिन्यात उंच आणि मग खाली असतो. इथे उलटं झालं, कारण विश्वास हळूहळू साचतो.

(नुम्मीसुद्धा २०१० मध्ये बंद झाला, तो मालकांच्या मोठ्या निर्णयांमुळे. कामगारांच्या सूचना कारखान्याला तिथून वाचवू शकत नाहीत, हेही लक्षात ठेवलेलं बरं.)

आता दुसरी बाजू. ती सांगितली नाही तर हा लेख टोयोटाची जाहिरात होईल.

माणशी वर्षाला सत्तेचाळीस सूचना हा आकडा नुसत्या उत्साहातून येत नाही. ९५ टक्के लोक लिहितात तेव्हा न लिहिणारा नजरेत येतो. गटागटांत स्पर्धा लागते, आकडे फळ्यावर लागतात. आणि फॉर्म भरायचा कधी? लाइन चालू असताना तर नाही. पाळी संपल्यावर. कागदोपत्री ते ‘स्वेच्छेने’.

फेब्रुवारी २००२ मध्ये टोयोटाच्या एका कारखान्यात गुणवत्ता तपासणीच्या गटाचा तिशीतला प्रमुख कामावरच कोसळला आणि गेला. कामगार खात्याच्या कार्यालयाने कामामुळे आलेला मृत्यू मानायला नकार दिला. त्याची पत्नी कोर्टात गेली. प्रश्न हा होता, की पाळीनंतर थांबून सूचना तपासणं, गुणवत्ता मंडळाच्या बैठका घेणं, हे काम की हौस? ३० नोव्हेंबर २००७ रोजी नागोया जिल्हा न्यायालयाने सांगितलं की हे कामच आहे. ते तास धरल्यावर शेवटच्या महिन्यातलं जादा काम शंभर तासांच्या पुढे गेलं. सरकारने अपील केलं नाही. २००८ मध्ये कंपनीने गुणवत्ता मंडळांच्या वेळेला ओव्हरटाइम द्यायचं ठरवलं. ज्याला अर्ध्या शतकाहून जास्त काळ ‘उत्स्फूर्त सहभाग’ म्हटलं जात होतं, त्याला कोर्टाने साध्या भाषेत ‘नोकरी’ म्हटलं.

म्हणून पुढच्या वेळी तुमच्या कंपनीत किंवा कचेरीत पेटी लागली, तर नारळ फुटायच्या आधी चार गोष्टी विचारा. उत्तर कोण देणार आणि किती दिवसांत? उत्तर जर लाइनवरचा किंवा टेबलावरचा माणूस देणार नसेल, सगळं समितीकडे जाणार असेल, तर पेटी तीन महिन्यांची पाहुणी आहे. करून बघायला वेळ आणि थोडा खर्च करायचा अधिकार कोणाला? सुचवल्यामुळे कोणाची नोकरी जाणार नाही, हे कुठे लिहिलंय का, कोणाच्या सहीने? आणि फॉर्म भरायचा तो पाळीच्या वेळेत की नंतर?

आणि योजना जिवंत आहे की नाही हे ओळखायचं असेल तर एकूण सूचनांचा आकडा बघू नका, तो फुगवता येतो. दोनच आकडे मागा. शंभरातल्या किती जणांनी गेल्या महिन्यात काही दिलं, आणि दिल्यापासून प्रत्यक्ष बदल होईपर्यंत किती दिवस लागले. पहिला वर जातोय आणि दुसरा खाली येतोय, तर योजना चालू आहे. पहिला खाली आणि दुसरा वर, तर पेटीला कितीही चांगलं कुलूप लावा, आत काही पडणार नाही.

तुमच्याकडे पेटी असेल तर शेवटची कधी उघडली, ते खाली लिहा. कंपनीचं नाव नको, महिना आणि साल पुरे.